मोहेंजोदडोच्या लोकांनी सरळ रस्ते, झाकलेली गटारं आणि एकसारख्या विटा हे सगळं कसं जमवलं?

आधी विटेकडे बघा, बाकीचं त्यातून उलगडतं. तिथली भाजलेली वीट साधारण ७ सेंमी जाड, १४ रुंद आणि २८ लांब असते, म्हणजे १:२:४. आकडे थोडे इकडेतिकडे होतात, प्रमाण बहुधा टिकतं. याचा फायदा बांधकामात आहे. शेजारी शेजारी आडव्या ठेवलेल्या दोन विटा मिळून एका विटेच्या लांबीएवढ्या होतात. त्यामुळे एका थरात विटा भिंतीच्या लांबीत आणि पुढच्या थरात रुंदीत लावता येतात, सांध्यावर सांधा येत नाही आणि तोडफोड फारशी करावी लागत नाही.

हीच वीट गटाराला लागते. गल्लीतलं गटार आतून साधारण १८ सेंमी रुंद धरा. त्यावर २८ सेंमीची वीट आडवी टाकली, की दोन्ही बाजूंना ५-५ सेंमी टेकते. झालं झाकण! ते पक्कं बसवत नसत. गाळ काढायचा तर विटा उचलायच्या. गटार रुंद असेल तिथे वीट पुरत नाही, मग चुनखडीच्या फरश्या.

खरी कसोटी ढाळाची. मोजमापांत मीटरला सुमारे २ सेंमी उतार आढळतो. घर मोठ्या रस्त्यापासून ३० मीटर आत असेल, तर तिथे पोचेपर्यंत गटार ६० सेंमी खाली जायला हवं. उतार कमी पडला की गाळ बसणार, म्हणून गटारं एकमेकांना मिळतात तिथे खड्डे बांधलेले असत. पाणी थबकतं, जड गाळ तळाशी राहतो, वरचं पाणी पुढे जातं. गटार नव्हतं तिथे घराचं सांडपाणी भिंतीलगत पुरलेल्या, तळाला भोक पाडलेल्या रांजणात सोडत. तो रांजण तुंबला की रिकामा करणं आलंच.

रस्त्यांबद्दल मात्र थोडं सावरून घ्या. बुद्धिबळाच्या पटासारखा आराखडा चित्रांतच दिसतो. मुख्य रस्ता उत्तर-दक्षिण, सुमारे ९ मीटर रुंद. आतल्या गल्ल्या अरुंद आणि बऱ्याच ठिकाणी वळणाच्या. घरांची दारंही बहुतेक गल्लीतच उघडत.

घोळ व्हायचा तो पातळीचा. पडझड, भराव, कचरा यांनी रस्ता वर चढत जायचा आणि गटार खाली राहायचं. मग बाजूंवर विटांचे आणखी थर चढवायचे, नाहीतर जुनं सोडून वर नवं बांधायचं. विहिरींचंही तसंच; त्यांना पाचरीच्या आकाराच्या विटा लावत, म्हणजे गोल कडं आपोआप आवळून बसतं. जमीन चढली की काठावर आणखी थर. आज भोवतालची माती खणून काढल्यामुळे त्या विहिरी धुराड्यांसारख्या उंच उभ्या दिसतात, आणि वस्ती किती वर सरकली ते त्यांच्या उंचीवरून कळतं.