केबिनचं दार लावलं ते बरं झालं

“माझा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर आहे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला ट्रेनी म्हणून लागून चार महिने झाले. पहिली पाळी, सकाळी सातची. राहायला कोथरूडला माझ्या बहिणीकडे. बाहेर खोली घ्यायला मीच नको म्हटलं. मंगळवार-गुरुवार रात्री दहापर्यंत गेट परीक्षेचा क्लास असतो, तोही मीच लावला. परवा मॅनेजरने त्याला एकट्याला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि उशिराच्या सहा तारखा वाचून दाखवल्या, सगळे बुधवार नाहीतर शुक्रवार. ‘तुझं काम नीट आहे, पण हे थांबायला हवं. काही अडचण आहे का? सोमवारपासून सातला लाइनवर हवास. महिन्याने परत बसू,’ असं म्हणाले. मुलगा ‘ट्रॅफिक’ सांगून बाहेर आला. वीस-पंचवीस मिनिटांसाठी एवढं? रेकॉर्ड खराब होण्याआधी राजीनामा देऊन पूर्ण वेळ गेट करावं, की मी मॅनेजरशी बोलू?”
— एक वडील, सातारा

मॅनेजरशी बोलू नका. नोकरीला लागलेल्या मुलासाठी वडिलांचा फोन आला, की त्या मुलाला जबाबदारीचं काम देताना साहेब दोनदा विचार करतात.

तुमच्या पत्रात मला खुपला तो कॅलेंडरचा भाग. क्लास मंगळवारी आणि गुरुवारी, उशीर बुधवारी आणि शुक्रवारी. दहाला क्लास सुटतो, जेवून झोपेपर्यंत साडेअकरा-बारा होतात, आणि कोथरूडहून चाकणला सातला पोचायचं तर पाचला उठायला हवं. एवढ्या झोपेवर तो उठत असेल, पण वेळेत निघू शकत नाही. घर तुम्ही ठरवलंत, क्लास तुम्ही लावलात. साहेबांनी अडचण विचारली तेव्हा खरं उत्तर द्यायचं म्हणजे “दुसरीकडे जायची तयारी चाललीय आणि हे सगळं बाबांनी ठरवलंय” असं सांगावं लागलं असतं. कोणता ट्रेनी हे साहेबांसमोर म्हणेल? त्यापेक्षा ट्रॅफिकचं नाव घेणं सोपं.

वीस मिनिटांचं म्हणाल, तर क्वालिटीच्या माणसाला पाळीची पहिली वीस मिनिटंच महत्त्वाची असतात. पाळी सुरू झाली की मशीनवरचा पहिला नग तपासून त्यावर सही होते आणि मगच पुढचं उत्पादन सुटतं. सही करणारा नसेल तर ऑपरेटर खोळंबतो, किंवा न तपासताच माल काढतो. मग दहा वाजता माप चुकल्याचं कळलं, तर सकाळपासूनचा सगळा माल बाजूला ठेवून एकेक नग तपासावा लागतो. शिवाय रात्रपाळीचा माणूस निरोप द्यायला ताटकळतो.

आता रेकॉर्डचं. बंद दाराआड बोलणं म्हणजे मुलाच्या नावावर काट मारली, हा समज बऱ्याच घरांत असतो आणि तो उलटा आहे. सवयीने उशिरा येणं हे कामगारांसाठीच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे सरकारच्या नमुना नियमांत, गैरवर्तन म्हणून नोंदलेलं आहे. कडक साहेब सरळ मेमो देऊ शकले असते, किंवा काही न बोलता सहा महिन्यांनी “कायम करता येत नाही” असं पत्र. यांनी चार लोकांसमोर पाणउतारा केला नाही. “तू नेहमीच उशिरा येतोस” असं मोघम न बोलता तारखा सांगितल्या, कारण विचारलं, काय हवं ते सांगितलं आणि परत भेटायची वेळही ठरवली. कागद होऊ नये म्हणूनच माणूस असं बोलतो. मात्र ही मुभा एकदाच मिळते. महिन्याभरात आणखी दोन-तीन उशीर झाले, तर पुढचं बोलणं लेखी होईल.

तेव्हा या आठवड्यात मुलानेच साहेबांकडे जावं आणि सांगावं: “सर, त्या दिवशी मी ट्रॅफिक म्हणालो, पण तेवढंच कारण नव्हतं. आदल्या रात्री माझा क्लास असतो. तो मी शनिवार-रविवारवर घेतोय आणि चाकणजवळ खोली बघतोय.” गेटचं नाव घ्यायचं की नाही, ते त्याचं त्याने ठरवावं. “प्रयत्न करतो” एवढंच म्हणून मात्र येऊ नये, साहेबांना त्यातून काहीच कळत नाही.

गेट दरवर्षी होते आणि नोकरी करूनही देता येते. चार महिन्यांची नोकरी उशिरामुळे सोडली, तर पुढच्या मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येईल. पण त्याला गेट द्यायची आहे का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. ते त्याला विचारा, आणि उत्तर “नाही” आलं तर क्लासची उरलेली फी सोडून द्या. खोलीमुळे बहिणीला वाईट वाटेल, तिची समजूत तुम्हीच घाला. ते मुलावर टाकू नका.