पीआयपीचा मेल: त्यात नेमकं काय वाचायचं?

*“शुक्रवारी संध्याकाळी एचआरचा मेल आला. ६० दिवसांचा परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, म्हणजे पीआयपी: कामगिरी सुधारायला दिलेली मुदत. याचा अर्थ मला काढायचं ठरलंच आहे का? मग आजच राजीनामा देऊन मोकळं झालं तर निदान नाव तरी खराब होणार नाही ना?”*

आजच राजीनामा देऊ नका. ठरलं आहे की नाही, हे मेलच्या भाषेवरून कळत नाही. ती भाषा बहुधा ठरीव साच्यातली असते. “सुधारणा न झाल्यास सेवासमाप्तीपर्यंतची कारवाई होऊ शकते” अशा अर्थाचं वाक्य बहुतेक पीआयपींमध्ये असतं, आणि लोक नेमकं तेच रात्रभर वाचत बसतात. खरी माहिती असते ती उद्दिष्टांच्या तक्त्यात आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मॅनेजर कसा वागतो त्यात. पुण्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणाऱ्या गृहस्थांचं उदाहरण त्यासाठी उपयोगी पडेल. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

त्यांच्या तक्त्यात चार उद्दिष्टं होती. प्रत्येक उद्दिष्टाला आम्ही तीन प्रश्न लावून पाहिले: हे मोजता येतं का, ते यांच्या हातात आहे का, आणि दिलेल्या दिवसांत बसतं का?

पहिलं उद्दिष्ट होतं दर बुधवारी संध्याकाळी सहाच्या आत चाचणीचा अहवाल देणं. तिन्ही प्रश्नांना होकार आला, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. दुसरं होतं ऑटोमेशन, म्हणजे आपोआप चालणाऱ्या चाचण्यांचं प्रमाण, ४० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर नेणं. दिसायला सरळ, पण हिशेब मांडल्यावर अडचण दिसली. एकूण टेस्ट केस ३००, त्यातल्या १२० आधीच ऑटोमेट झालेल्या. म्हणजे साधारण आठ आठवड्यांत आणखी ९०, आठवड्याला अकरा-बारा. आख्ख्या टीमचा तोवरचा वेग आठवड्याला चार-पाचचा, आणि नेहमीचं रिलीजचं काम कुठे कमी झालेलं नाही. तिसरं, प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहकांच्या वापरातल्या सॉफ्टवेअरमध्ये, एकही बग जाता कामा नये. डेव्हलपर आदल्या रात्री बिल्ड देत असतील तर ही गोष्ट टेस्टरच्या हातात राहत नाही. चौथं, “ओनरशिप दाखवणे”. हे कोण बघणार आणि कशावरून ठरवणार, याबद्दल अवाक्षर नव्हतं.

शंभर टक्के पूर्ण करणं अशक्य असलेला तक्ता म्हणजे काढून टाकण्याचा कटच, असं मात्र समजू नये. पुष्कळ मॅनेजर घाईत किंवा एचआरच्या जुन्या नमुन्यावरून असे तक्ते भरतात. म्हणून पहिलं पाऊल म्हणजे विचारणं, तेही लेखी आणि दोन दिवसांच्या आत. त्यांनी पाठवलेला मेल असा होता:

“पीआयपी मिळाला, त्याची पोच देत आहे. उद्दिष्ट २ साठी आठवड्याला ११ ते १२ केस लागतील. सध्याच्या रिलीज कामासह ६ शक्य आहेत. उद्दिष्ट ५५ टक्के करावं किंवा रिलीजचं काम कमी करावं, ही विनंती. उद्दिष्ट ३ मध्ये माझ्या टेस्ट प्लॅनमध्ये असलेले आणि तरीही सुटलेले बगच मोजावेत. उद्दिष्ट ४ कसं तपासलं जाईल, ते कळवावं. आढाव्याच्या तारखाही कळवाव्यात.”

या मेलमध्ये तक्रार नाही, गेल्या वर्षीच्या रेटिंगचा दाखला नाही, जुनी भांडणं नाहीत. पोच दिली आहे, पण आरोप मान्य असल्याचं कुठेही म्हटलेलं नाही. सही करायला कागद दिला तर त्यावरही “मिळाला, मजकुराशी सहमती गृहीत धरू नये” एवढं लिहून सही करता येते. सहीच नाकारली तर “कर्मचारी सहकार्य करत नाही” अशी नोंद होऊ शकते, आणि ती विनाकारण अंगावर येते.

उत्तर आलं ते अर्धवट. तिसऱ्या उद्दिष्टाबाबतची विनंती मान्य झाली, दुसरं ६० टक्क्यांवर आलं, चौथ्याबद्दल काहीच नाही. इथवर आशेला जागा होती. मग पहिला आढावा दोनदा पुढे ढकलला गेला. त्यांना आपलं मॉड्यूल एका सहकाऱ्याला समजावून द्यायला सांगितलं. पुढच्या तिमाहीच्या कामवाटपात त्यांचं नाव नव्हतं. यातली एखादीच गोष्ट घडली असती तर दुर्लक्ष करता आलं असतं. तिन्ही एकत्र आल्यावर अर्थ स्पष्ट होता: प्लॅन आता सुधारणेसाठी राहिलेला नाही, फाइल पूर्ण करण्यासाठी चालू आहे. जिथे माणूस टिकवायचा असतो तिथे मॅनेजर सहसा आढावा चुकवत नाही, कारण टिकवण्याचं समर्थन त्यालाही वरच्यांपुढे करावं लागतं.

त्या आठवड्यापासून त्यांनी नोकरी शोधायला सुरुवात केली आणि बुधवारचे अहवाल मात्र वेळेवर देत राहिले. प्रत्येक आढाव्यानंतर “आज ठरलं ते असं” असा चार ओळींचा मेल मॅनेजरला जात होता.

याच टप्प्यावर अनेकजण घाबरून ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवतात. ते करू नये. त्यात क्लायंटची माहिती असेल तर तो गोपनीयतेचा भंग ठरतो, आणि कामगिरीचा वाद एका दिवसात गैरवर्तनाचा होतो. नियुक्तीपत्र, पगाराच्या स्लिपा, अप्रेझलची पत्रं ही आपली कागदपत्रं जपावीत. बाकी तारीखवार टिपणं घरच्या वहीत ठेवावीत.

सातव्या आठवड्यात एचआरने बोलावलं: “स्वतःहून राजीनामा द्या, नाहीतर टर्मिनेशन करावं लागेल.” समोर छापील राजीनामा. त्यांनी एवढंच म्हटलं, “अटी मेलवर पाठवा, दोन दिवसांत उत्तर देतो.” ही मुदत मागितल्यावर बहुतेक वेळा मिळते.

मग प्रश्न होता दोन महिन्यांच्या नोटिसीचा. कंपनी तिचे पैसे देऊन त्याच दिवशी मोकळं करायला तयार होती. त्यांनी पैशांऐवजी दोन महिने पटावर राहण्याची मागणी केली. त्यांची नोकरी ६ वर्षं ५ महिन्यांची होती. ग्रॅच्युइटीच्या हिशेबात सहा महिन्यांहून जास्त असलेला उरलेला काळ पूर्ण वर्ष धरला जातो, त्यामुळे पटावर राहिल्यास ६ ऐवजी ७ वर्षं मोजली जाणार होती. हिशेबासाठी धरला जाणारा महिन्याचा पगार ४०,००० असेल तर सूत्र असं: ४०,००० × १५ ÷ २६, म्हणजे वर्षाला सुमारे २३,०७७ रुपये. तेवढा फरक पडला. शिवाय कंपनीचा मेडिक्लेम दोन महिने चालू राहिला आणि मुलाखतीत “सध्या नोकरीत आहे” हे खरं सांगता आलं. सलग पाच वर्षं झालेली असतील तर राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. कंपन्या हे आपणहून सांगतीलच असं नाही.

सही करण्याआधी त्यांनी कामगार कायद्याच्या वकिलांचा एकदा सल्ला घेतला. कायद्यानं आपण ‘कामगार’ ठरतो की नाही, हे हुद्द्याच्या नावावर नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं. ठरत असू तर नोकरकपातीविरुद्ध वेगळं संरक्षण आहे. राजीनाम्यावर सही झाल्यावर ते मागणं फार अवघड होतं.

घरी मात्र त्यांनी पहिले तीन आठवडे काहीच सांगितलं नव्हतं. गृहकर्जाचा हप्ता, मुलीची फी आणि हातात किती महिन्यांचा खर्च आहे, हा हिशेब बायकोबरोबर बसून केल्यावर आकडा निघाला पाच महिन्यांचा. त्यानंतरच त्यांना झोप लागू लागली आणि एचआरसमोर मुदत मागण्याइतका आवाज निघाला.

नाव खराब होण्याबद्दल: अनुभवपत्रात साधारणपणे तारखा आणि हुद्दा असतो, पीआयपी नसतो. नव्या कंपनीच्या पडताळणीत त्यांच्याबाबत तारखा, हुद्दा, सोडण्याचं कारण आणि “पुन्हा घ्याल का” एवढं विचारलं गेलं. म्हणून शेवटच्या बोलणीत त्यांनी एक ओळ लेखी मागून घेतली होती: पडताळणीत कारण “राजीनामा” एवढंच कळवलं जाईल.