गड्ड्यावरील मदत कक्ष: हरवलेले मूल, हरवलेले पाकीट

आमच्या मंडळाला यंदा गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेत, मदत कक्ष चालवायचा आहे. मूल सापडले, तर माईकवरून नेमके काय बोलायचे?

शक्य तितके कमी. पहिल्या वर्षी मीच चूक केली होती. एका चार वर्षांच्या मुलीचे नाव, लाल फ्रॉक, पायातली पैंजणे असे सारे मी उत्साहाने माईकवर सांगून टाकले. पाच मिनिटांत दोन बायका आल्या आणि दोघींनीही मी सांगितलेलेच वर्णन मला परत ऐकवले. आई कोण, हे ओळखण्याची एकही खूण माझ्या हातात उरली नव्हती. तेव्हापासून सापडलेल्या मुलाचे नाव, कपडे आणि अंगावरच्या वस्तू फक्त नोंदवहीत लिहिल्या जातात. माईकवर एवढेच सांगावे:

«लक्ष द्या. होम मैदानावरील मदत कक्षात एक लहान मूल सुखरूप आहे. ज्यांचे मूल सोबत दिसत नाही, त्यांनी पांढऱ्या-हिरव्या झेंड्याखालील मदत कक्षात यावे. मुलाची ओळख कक्षातच पटवली जाईल.»

हेच वाक्य सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर थांबून, तीनदा म्हणावे. पाळण्यांच्या आणि भोंग्यांच्या गोंगाटात घाईने बोललेले कोणालाच कळत नाही. सोलापुरात ते कानडी, तेलुगू आणि हिंदीतही व्हायला हवे, म्हणून त्या भाषा घरी बोलणारे कार्यकर्ते पाळीत ठेवावेत. मूल केवळ तेलुगूच बोलत असेल, तर मराठीत दहा प्रश्न विचारून त्याला रडवू नये.

आई-वडील रडत आले आणि मूल अजून सापडलेले नसेल, तर आधी काय करावे?

माईक नंतर, पोलीस आधी. कक्षाशेजारच्या पोलीस चौकीला लगेच सांगावे आणि ११२ वरही कळवावे. «थोडा वेळ वाट पाहू» असे कोणी म्हणाले, तरी थांबू नये. त्याच वेळी एक माणूस सिद्धेश्वर तलावाच्या काठाकडे आणि बाकीचे मैदानातून बाहेर पडणाऱ्या वाटांवर जावेत. पाण्याकडे धावण्याचा क्रम मी कधीही बदलू देत नाही, कारण इतर ठिकाणी उशीर झाला तर भरून निघतो, तिथे निघत नाही. आई किंवा वडील यांपैकी एकाने कक्षातच बसावे, दुसऱ्याने कार्यकर्त्यासोबत मूल शेवटचे दिसलेल्या जागी परत जावे. पालकांच्या मोबाईलमधला त्याच दिवशीचा फोटो पोलिसांना आणि शोधणाऱ्यांना दाखवावा. मंडळाच्या मोठ्या गटात तो टाकू नये.

इथे घोषणेत वर्णन द्यावेच लागते, पण नाव देऊ नये. नाव कळले की कोणीही परका त्या नावाने हाक मारून मुलाचा हात धरू शकतो.

«सुमारे पाच वर्षांचा मुलगा, निळा शर्ट, खाकी चड्डी, पाळण्यांजवळ शेवटचा दिसला. तो दिसल्यास त्याला उचलून नेऊ नका. त्याच्याजवळ थांबा आणि जवळच्या पोलिसाला किंवा कार्यकर्त्याला बोलवा.»

मूल मिळाल्यावर «शोध थांबवा» ही घोषणा विसरली जाते आणि लोक तासभर उगाच हिंडत राहतात.

एखादा गृहस्थ आला, मूलही त्याच्याकडे धावले. मग कागदपत्रांचा घोळ कशाला?

मूल ओळखीच्या शेजाऱ्याकडेही धावते. मुलाने मारलेली मिठी ही एक खूण झाली, पुरावा नव्हे. समोरच्याने नोंदवहीतली एखादी न सांगितलेली गोष्ट सांगावी: खिशात काय आहे, हातात कोणता दोरा आहे, घरी कोणत्या नावाने हाक मारतात. मग त्याच्या मोबाईलमधला मुलाचा जुना फोटो आणि ओळखपत्र पाहावे, वेळ व सही घ्यावी आणि पोलिसांसमोरच मूल ताब्यात द्यावे. शंका आली, तर दुसऱ्या पालकाशी फोनवर बोलावे.

तोपर्यंत मुलाजवळ सतत दोन कार्यकर्ते असावेत, त्यांतली एक बाई. एकट्याने कोणीही त्याला चहाच्या टपरीवर किंवा शौचालयात नेऊ नये. मैदान रिकामे होऊ लागले तरी कोणी आले नाही, तर «आज आमच्या घरी झोपेल» हा प्रेमळ प्रस्ताव नाकारावा. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मुलाला बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. पोलीस आणि १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाईन हे काम पुढे नेतात.

पाकिटे, पर्स आणि मोबाईल रोजच येतात. ते कसे परत द्यावेत?

तत्त्व तेच: घोषणेत फक्त «एक पाकीट सापडले आहे» एवढे सांगावे. आणून देणाऱ्यासमोरच दोघांनी ते उघडून रोख रक्कम मोजावी, नोंदवहीत लिहावी आणि तिघांच्या सह्या घ्याव्यात. नाहीतर पुढे «पाचशेची नोट कमी आहे» हा वाद कक्षाच्याच माथी येतो. मागणाऱ्याने रंग, आतली कागदपत्रे आणि अंदाजे रक्कम सांगितल्यावरच पाकीट द्यावे. मोबाईल असेल, तर त्याला तो समोरच उघडून दाखवायला सांगावे. रात्री उरलेल्या वस्तू यादीसह पोलिसांकडे देऊन पोच घ्यावी. मोबाईल सापडलाच नाही, तर मालकाला पोलिसांत तक्रार देऊन सिम बंद करण्यास आणि ceir.gov.in वर तो हँडसेट बंद करण्याची विनंती नोंदवण्यास सांगावे. त्यासाठी लागणारा आयएमईआय क्रमांक बहुतेकदा खोक्यावर किंवा बिलावर मिळतो.