पारा 10 वरून 47 वर गेला, तर हवेच्या रेणूंचा वेग किती वाढतो?

प्रश्न: आमच्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात डिसेंबरात पहाटे पारा 10 वर येतो अन् मे महिन्यात दुपारी 47 वर जातो. म्हणजे तापमान जवळपास पाचपट झालं. मग रेणूंची ऊर्जा अन् वेगही पाचपट व्हायला पाहिजे ना? सर म्हणतात वेग फक्त 6 टक्के वाढतो. अन् मी 47 अंशाला नायट्रोजनचा वेग काढला तर 17 मीटर प्रति सेकंद येतो. चुकतंय कुठं? (बारावी सायन्स)

उत्तर:

सरांचं बरोबर आहे. तुमच्या दोन चुका झाल्यात आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही, म्हणून एकेक करून बघू.

पहिली चूक "पाचपट" या शब्दात आहे. सेल्सिअसचा शून्य म्हणजे पाणी गोठतं तो बिंदू. तो सोयीसाठी ठरवलेला आहे, तिथे रेणू काही थांबत नाहीत. 0 अंशालाही नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे 490 मीटरने धावत असतात. रेणूंची ऊर्जा ज्या शून्यापासून मोजायची तो उणे 273 अंशावर आहे, म्हणून आधी केल्विन करायचं. डिसेंबरची पहाट 283 केल्विन, मेची दुपार 320 केल्विन. 320 भागिले 283 म्हणजे 1.13. तापमान पाचपट झालंच नाही, जेमतेम 13 टक्के वाढलं. एका रेणूची सरासरी गतिज ऊर्जा (3/2)kT असते आणि k म्हणजे 1.38 × 10⁻²³ ज्यूल प्रति केल्विन. त्यामुळे पहाटे ती 5.86 × 10⁻²¹ ज्यूल आणि दुपारी 6.62 × 10⁻²¹ ज्यूल येते. हीसुद्धा तेवढीच, 13 टक्के वाढ.

इथे एक उलटा खड्डा आहे. "ऊर्जा किती वाढली?" असं विचारलं की काही जण तापमानातला फरक 37 घेतात आणि त्यातही 273 मिळवून 310 करून टाकतात. फरकाला 273 लागत नाही, कारण तो दोन्ही तापमानांत मिळवलेला असतो आणि वजाबाकीत उडून जातो. 37 तसाच ठेवून (3/2)k × 37 केलं की 7.66 × 10⁻²² ज्यूल येतात, आणि वरच्या दोन ऊर्जांची वजाबाकी केली तरी तेवढेच. पट काढायची असेल तर केल्विन हवंच, फरक काढायचा असेल तर सेल्सिअस चालतं.

आता ऊर्जा 13 टक्के वाढली तर वेग 6 टक्केच का? "सूत्रात वर्गमूळ आहे म्हणून" एवढ्यावर समाधान मानू नका. एक बंद डबा डोळ्यांपुढे आणा. आतले रेणू भिंतीवर आपटतात, तोच वायूचा दाब. समजा सगळ्या रेणूंचा वेग दुप्पट झाला. प्रत्येक धक्का दुप्पट जोराचा झाला, हे लगेच लक्षात येतं. पण रेणू आता अर्ध्या वेळात पलीकडच्या भिंतीवर जाऊन परत येतो, म्हणजे धक्क्यांची संख्याही दुप्पट झाली. दुप्पट जोर, दुप्पट वेळा, म्हणून दाब चौपट. बंद डब्यातल्या वायूचा दाब केल्विन तापमानाच्या प्रमाणात असतो हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर केल्विन तापमान चौपट करावं लागतं. तुमच्या पहाटेच्या हवेचा वेग दुप्पट करायला 283 × 4 = 1132 केल्विन लागेल, म्हणजे 859 अंश सेल्सिअस. (परीक्षेत हाच प्रश्न 27 अंश घेऊन विचारतात. 300 चे 1200 केल्विन होतात आणि उत्तर 927 अंश. पोरं 27 × 4 = 108 लिहून येतात, नाहीतर 1200 लिहून पुढे सेल्सिअस लावून मोकळी होतात.)

1.13 चं वर्गमूळ 1.063. सरांचे 6 टक्के इथून आले.

दुसरी चूक तुमच्या 17 मध्ये आहे, आणि ती कुठे झाली हे तो आकडाच सांगतो. सूत्र v = √(3RT/M). R = 8.314 ज्यूल प्रति मोल केल्विन, आणि ज्यूलमध्ये किलोग्रॅम दडलेला असतो. म्हणून M सुद्धा किलोग्रॅममध्येच हवा. नायट्रोजनचा मोल 28 ग्रॅमचा, म्हणजे 0.028 किलोग्रॅम. तुम्ही 28 टाकलेत. नीट मांडलं तर असं होतं:

3 × 8.314 × 320 = 7981
7981 ÷ 0.028 = 2,85,000 (अंदाजे)
वर्गमूळ = 534 मीटर प्रति सेकंद

हीच रीत 283 केल्विनला लावली की 502 येतात. 534 भागिले 502 म्हणजे 1.063, ताळा जमला. ग्रॅम तसेच ठेवले की उत्तर √1000 पट, म्हणजे सुमारे 31.6 पट लहान येतं. 534 ला 31.6 ने भागून बघा, तुमचे 17 च निघतील.

असं उत्तर चुकलंय हे पेपरात ओळखायचं कसं? 17 मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी 61 किलोमीटर, मोकळ्या रस्त्यावर एसटी धावते तेवढा वेग. हवेतून आवाज सेकंदाला साधारण 350 मीटर जातो, आणि तो वाहून नेतात ते हेच रेणू. निरोप्यापेक्षा निरोप पुढे कसा जाईल? नायट्रोजन-ऑक्सिजनसारख्या वायूंत आवाजाचा वेग रेणूंच्या आरएमएस वेगाच्या सुमारे 0.68 पट असतो. हवेच्या तापमानाला नायट्रोजनचं उत्तर 350 च्या खाली आलं की आधी M चं एकक बघा. थोडंसं जास्त आलं, 750 च्या आसपास, तर 28 ऐवजी अणूचे 14 घेतलेत का ते बघा.

वायू बदलला की काय होतं, हे गोबरगॅसवर छान दिसतं. त्यात मुख्यतः मिथेन (16 ग्रॅम) आणि कार्बन डायऑक्साइड (44 ग्रॅम) असतो. दोन्ही एकाच टाकीत, समजा 37 अंशाला, म्हणजे 310 केल्विनला. T एकच, म्हणून दोघांच्या रेणूंची धावण्याची सरासरी ऊर्जा अगदी सारखी, कारण (3/2)kT मध्ये M कुठेच नाही. पण तेवढीच ऊर्जा हलक्या रेणूकडे असेल तर त्याला जास्त वेगाने धावावं लागतं: मिथेन 695, कार्बन डायऑक्साइड 419 मीटर प्रति सेकंद. पट √(44/16) म्हणजे 1.66. "कोणत्या वायूची ऊर्जा जास्त?" असा प्रश्न आला आणि तापमान एकच दिलं असेल, तर गणित करत बसू नका.

मी "धावण्याची" ऊर्जा म्हटलं ते मुद्दाम. हे रेणू गरगर फिरतातही, आणि ती ऊर्जा (3/2)kT मध्ये धरलेली नाही. नायट्रोजनसाठी फिरण्याची kT मिळवून एकूण (5/2)kT होते. प्रश्नात नुसती "सरासरी गतिज ऊर्जा" किंवा वेग विचारला असेल तर (3/2) घ्या. "आंतरिक ऊर्जा" असा शब्द असेल तर नायट्रोजनला (5/2).