चिनूला, प्रेमाच्या मराठीबद्दल

"आई, मी तिला ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असं पाठवलं, तर ती म्हणाली नोटीस आल्यासारखं वाटलं. मराठीत हे नीट बोलताच येत नाही का? तुम्ही लोक कधी म्हणता तरी का?"

चिनू,

तुझं शेवटचं वाक्य मनाला लागलं, म्हणून फोनवर न बोलता लिहायला बसले.

आबा मुंबईला गिरणीत होते, आजी गावाला. १९८२ चा संप व्हायच्या आधीची गोष्ट. महिन्याला त्यांचं निळं आंतरदेशीय यायचं आणि आजीला वाचता येत नसल्यामुळे सोप्यात बसून ते मोठ्याने वाचायचं काम माझं. मायना ठरलेला: सौ. हिस अनेक आशीर्वाद, वि. वि., पत्र लिहिण्यास कारण की. मग मनीऑर्डर, बैलाचं औषध, नंदूकाकाची फी. ‘पावसात विहिरीवर जाऊ नये. गुडघ्यास तेल लावीत जावे.’ सगळं असं लांबून बोलल्यासारखं. एकदा मात्र घडीच्या कडेला, आडवं, बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘तुझ्या हातच्या भाकरीची लई आठवण येते गं.’ आजीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, "तेवढंच परत वाच."

आबांना साधं लिहिता येत नव्हतं असं नाही. पत्र नात वाचणार, शेजारची काकू ऐकणार, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून बायकोलाही ‘जाऊ नये’, ‘लावीत जावे’. चार माणसांत बोलायची ती भाषा होती. लग्नात उखाणा घेतात तेही चार माणसांतच, म्हणून तिथे नाव यमकात गुंफून घ्यायचं. या आडपडद्यात गोडवा होता असं मला वाटतं. पण आजीला दर पत्रात ती कडेची ओळ आवडली नसती, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आता तुझा मेसेज. तो एकटी ती वाचणार, तोही रात्री, उशाशी फोन घेऊन. तिथे ‘माझे’ म्हटलंस आणि निबंधाची वही उघडली. बोलताना आपण ‘माझं’ म्हणतो. तेवढं बदललंस तरी वाक्य थोडं जवळ येतं, पण ‘तुझ्यावर प्रेम आहे’ हे तरीही निवेदनच राहतं. ते पहिल्यांदा कबूल करताना किंवा मोठ्या भांडणानंतर शोभतं, कारण तेव्हा शब्दाला वजन हवंच असतं. रोजच्याला ‘तू मला खूप आवडतेस’ पुरे. त्याहून जवळचं म्हणजे ‘तुझ्याशिवाय करमत नाही गं’. आणि ‘पोचलीस का? जेवलीस का?’ यालाही कमी समजू नकोस. बाबा मला अजून हेच विचारतात, आणि मला ते पोचतं. म्हणजे आम्ही म्हणतो, चिनू.

कवितेची भाषा वेगळी. ‘सखी’, ‘तुझ्याविना’, क्रियापद पुढे आणून ‘वाट पाहतो आहे तुझी’. तिला जागा लागते: वाढदिवसाचं हाताने लिहिलेलं कार्ड, खूप दिवसांच्या ताटातुटीनंतरचं पत्र. सगळं पत्र साध्या बोलीत लिही आणि अशी एखादीच ओळ येऊ दे. चंद्र-चांदणं उसनं आणण्यापेक्षा तुम्ही दोघांनी पाहिलेलं काहीतरी घाल, तिच्या छत्रीचा रंग का असेना. ‘प्रिये, येताना दूध आण’ असं लिहिलंस तर ती थट्टाच समजणार. थट्टा करायची असेल तर खुशाल लिही.

एक खूण लक्षात ठेव. ती एकदम ‘आपण म्हणाल तसं’ लिहायला लागली, तर ती चिडवतेय तरी किंवा चिडलीय तरी. ‘तू’वरून ‘आपण’वर जाणं म्हणजे आपल्याकडे दोन पावलं मागे सरकणं. अशा वेळी उलट ‘आपण’ने उत्तर देऊ नकोस, ‘रागावलीस का गं?’ असं सरळ विचार.

तुला जमलेली ती औपचारिक मराठीही वाया जाणार नाही. कधी तिच्या आईवडिलांना लिहायची वेळ आली, तर तिथे ‘सादर नमस्कार’ आणि ‘आपण’च हवं. पण तिथेही तिच्याबद्दलचं वाक्य मोकळं लिही: ‘आम्ही दोघांनी एकत्र राहायचं ठरवलं आहे, आपल्याशी बोलायला यायचं आहे.’ ‘आपली कन्या’ वगैरे नको, तिचं नाव घे.

तिला काय पाठवायचं ते तुझं तू ठरव. मला दाखवायलाच हवं असं काही नाही.

आई