एका ओळीच्या इंग्रजी भाषांतरावरून मूळ गाणं कसं शोधावं?

प्रश्न: एका व्हिडिओच्या सबटायटलमध्ये एवढंच वाचलं: `I went on blowing every worry away in smoke`. गाणं जुनं वाटलं, हिंदी की मराठी ते कळलं नाही. कसं शोधू?

उत्तर: अख्खी ओळ हिंदीत उलटवून अवतरणचिन्हांत टाकू नका. कवीचा शब्दक्रम तुमच्याशी जुळणं जवळजवळ अशक्य, आणि एक शब्द चुकला की हाती काहीच लागत नाही. सबटायटल बहुतेक वेळा शब्दाला धरून असतं, यमकासाठी पदरचं काही घातलेलं नसतं. त्यामुळे त्यातल्या नामांवर भरवसा ठेवा, बाकीचं तूर्त सोडा.

इथं नामं दोन, धूर आणि चिंता. धुराला हिंदीत रोजचा शब्द एकच, धुआँ, म्हणून शोध त्याच्यापासून सुरू करायचा. चिंतेला मात्र चिंता, फ़िक्र, ग़म, परेशानी असे बरेच पर्याय आहेत. जुन्या हिंदी सिनेगीतांची भाषा उर्दूकडे झुकलेली असते, म्हणून आधी फ़िक्र घ्या.

आता सर्वाधिक अडखळायला होतं ती जागा. ओळीत 'धुरात' आहे, म्हणजे हिंदीत 'धुआँ' नव्हे, 'धुएँ में'. `dhuan` शोधलंत तर नेमकी हीच ओळ निसटू शकते. शिवाय रोमन लिपीत गाणी लिहिताना स्पेलिंग ज्याचं त्याचं असतं. म्हणून पर्याय एकत्र द्या:

```
(fikr OR fikar) (dhuen OR dhuein OR dhuye) lyrics
"फ़िक्र को" "धुएँ में"
```

देवनागरीत नुक्त्याशिवाय 'फिक्र' हेही करून पाहा.

यातून 'हर फ़िक्र को धुएँ में उड़ाता चला गया' ही ओळ मिळते. आता क्रियापदाने ताडून बघा: 'उड़ाता'मध्ये उडवणं आहे, 'चला गया'मध्ये ते करत राहणं आहे. दोन्ही जुळतात, म्हणजे गाणं हेच. नुसती नामं जुळली असती तर मी मानलं नसतं, कारण धूर आणि दुःख कितीतरी गझलांमध्ये एकत्र येतात.

ही मुखड्याची दुसरी ओळ आहे. गाण्यांच्या याद्या पहिल्या ओळीवर लावतात, त्यामुळे 'ह'खाली शोधून उपयोग नाही. 'मैं ज़िंदगी का साथ निभाता चला गया' असं शोधा. चित्रपट 'हम दोनो', 1961. गीत साहिर लुधियानवी, संगीत जयदेव, आवाज मोहम्मद रफी. वर्ष नक्की टाका, कारण याच नावाचे चित्रपट 1985 आणि 1995 मध्येही आले.

हिंदीत काहीच सापडलं नसतं तर हीच रीत मराठीत वापरायची: 'धूर'बरोबर 'धुरात', 'धुरामध्ये', चिंतेसाठी काळजी, विवंचना. शोध aathavanitli-gani.com वर देवनागरीतच घ्या. ओळ एखाद्या अभंगाची निघाली तर शब्दांवरून फक्त संतकवी कळेल. एकच अभंग अनेकांनी वेगवेगळ्या चालींत गायलेला असतो, त्यामुळे तुम्ही ऐकलेला गायक चाल ऐकूनच ठरवावा लागेल.