फोर्कलिफ्ट अडीच टनांचा माल पुढच्या दोन फोर्कवर उचलते, तरी पुढे कलंडत कशी नाही? हायड्रॉलिक्समध्ये तशी काही सोय असते का?

हायड्रॉलिक्सचं काम फक्त उचलण्याचं. तोल सांभाळतं ते मागचं वजन, म्हणजे काउंटरवेट. या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळजवळ संबंध नसतो, आणि धोका नेमका तिथेच आहे.

आधी उचलणं बघू. समजा माल, फोर्क आणि ते ज्यावर बसवलेले असतात ते कॅरेज मिळून ३ टन आहेत. मास्टमधली, म्हणजे पुढच्या उभ्या चौकटीतली चेन अशी ओवलेली असते की पिस्टन दीड मीटर वर गेला की फोर्क ३ मीटर वर जातात. त्याची किंमत म्हणून पिस्टनना दुप्पट, म्हणजे ६ टनांचा जोर लावावा लागतो. दोन सिलिंडर असतील तर प्रत्येकी ३ टन. पिस्टनचा व्यास ५ सेंमी धरला, तर तेलाचा दाब साधारण १५० बार लागतो. पंपाला हे सहज जमतं.

आता तोल. गाडी सी-सॉसारखी पुढच्या चाकांच्या अक्षावर तोललेली असते. अक्षापासून फोर्कच्या उभ्या भागापर्यंत ४८ सेंमी आणि तिथून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंत ५० सेंमी अंतर समजा. म्हणजे २५०० किलो × ०.९८ मीटर = २४५०. गाडी ३८०० किलोची आणि तिचा गुरुत्वमध्य अक्षामागे ०.९५ मीटरवर असेल, तर मागची बाजू ३६१०. भरपूर शिल्लक आहे.

तेवढ्याच वजनाची, पण फोर्कच्या दिशेने १.८ मीटर लांब पेटी घ्या. गुरुत्वमध्य ९० सेंमीवर गेला. २५०० × १.३८ = ३४५०. कागदावर अजून तोल आहे, पण जरा ब्रेक लागला की संपला. आणि लिफ्ट सिलिंडरला यातलं काहीच कळत नाही, कारण वजन तेवढंच असल्याने तेलाचा दाबही जवळपास तोच. रिलीफ व्हॉल्व्ह दाब वाढला तरच उघडतो, अंतर वाढलं म्हणून नाही. ही पेटी आधीइतकीच शिल्लक ठेवून उचलायची असेल तर वजन २४५० ÷ १.३८, म्हणजे सुमारे १७७५ किलोच्या आत हवं. म्हणून गाडीच्या कॅपॅसिटी प्लेटवर वजनाशेजारी लोड सेंटर, म्हणजे फोर्कच्या उभ्या भागापासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर लिहिलेलं असतं. बरेच जण पहिला आकडा वाचून थांबतात.

उंचीवर मास्ट पुढे-मागे झुकवणारा टिल्ट सिलिंडर जास्त घातक. फोर्क ४ मीटरवर असताना मास्ट ६ अंश पुढे झुकवला, तर माल सुमारे ४२ सेंमी पुढे सरकतो. सुरुवातीची साधी पेटीही मग धोकादायक पेटीच्या पंक्तीत जाऊन बसते. त्यामुळे माल वर असताना मी पुढे टिल्ट फक्त रॅकवर ठेवताना, तोही अगदी हळू देतो.

तोल जात चालल्याची खूण स्टिअरिंगवर कळते. मागची चाकं वळणारी असतात, त्यामुळे त्यांच्यावरचा भार घटला की स्टिअरिंग अचानक हलकं लागतं. माल जमिनीपासून १०-१५ सेंमी वर असतानाच हे जाणवलं, तर खाली ठेवायचा आणि मोठी गाडी मागवायची. मागे माणसं उभी करून वजन वाढवायचं नाही.